रात्रभर जागा राहणारा इन्व्हर्टर

सोलरवर चालणाऱ्या घरात रात्री सगळ्यात जास्त वीज कोण खातं, असं विचारलं तर बहुतेक जण फ्रिजकडे बोट दाखवतात. उन्हाळा असेल तर कुणी पंख्यांचं नाव घेतं. भिंतीवरच्या इन्व्हर्टरचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही, कारण तो वीज देणारा म्हणून घरात आलेला असतो. पण लाइन नसलेल्या, बॅटरीवर रात्र काढणाऱ्या घरात मीटर लावून बघितलं, तर यादीत पहिलं नाव पुष्कळदा त्याचंच निघतं.

मुळशीच्या आतल्या खोऱ्यातलं एक शेतघर उदाहरणाला घेऊ. खांब टाकून लाइन आणायची म्हणजे मोठा खर्च, म्हणून तिथे महावितरणचं कनेक्शनच नाही. छपरावर ५४० वॅटची सहा पॅनल, भिंतीवर ५ केव्हीएचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि त्याच्या खाली ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की साठा कळतो : साधारण ५.१ युनिट. इन्व्हर्टर एवढा मोठा घेतला तो विहिरीवरची एक अश्वशक्तीची मोटर, मिक्सर आणि इस्त्री यांच्यासाठी. ही तिन्ही कामं दिवसाची. रात्री घरात चालतं ते फारच थोडं.

संध्याकाळी सहा ते सकाळी सात असे तेरा तास धरू. ३० वॅटचे दोन बीएलडीसी पंखे नऊ तास, म्हणजे ५४० वॅट-अवर. फ्रिज मधूनमधून चालू-बंद होत रात्रभरात ५०० घेतो. ९ वॅटचे चार दिवे पाच तास म्हणजे १८०. टीव्ही अडीच तास, १५०. इंटरनेटचा राउटर दहा वॅटचा, पण तो बंदच होत नाही, त्याचे १३०. बेरीज बरोबर १५०० वॅट-अवर, म्हणजे दीड युनिट. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत, पण रात्रीचा माफक वापर असलेल्या घराचं चित्र असंच असतं.

दीड युनिट वापरलं तर बॅटरीतून दीडपेक्षा थोडंसंच जास्त जायला हवं. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात कमाल कार्यक्षमता ९३ टक्के छापलेली असते. त्या हिशेबाने बॅटरीतून १६१० वॅट-अवर जायला हवेत. प्रत्यक्षात जातात २२५०च्या आसपास. वरचे साडेसातशे वॅट-अवर कुठल्याही पंख्याने, दिव्याने, फ्रिजने खाल्लेले नाहीत.

माहितीपत्रक खोटं बोलत नाही. ते वेगळ्याच वेळेबद्दल बोलतंय.

इन्व्हर्टरमध्ये वीज वाया जाते ती तीन तऱ्हेने. पहिली तूट लोडवर अवलंबूनच नसते : यंत्र चालू आहे एवढ्यासाठीच ती द्यावी लागते. ५ केव्हीएच्या, मधल्या किमतीच्या हायब्रिड मशीनमध्ये ती ४० ते ७० वॅट असते. आपण ५५ धरू. दुसरी तूट लोडच्या प्रमाणात वाढते, कारण वीज ज्या सेमीकंडक्टर स्विचमधून जाते तिथे थोडं व्होल्टेज खर्ची पडतं. ही साधारण तीन टक्के धरू. तिसरी तूट तारांच्या आणि गुंडाळ्यांच्या रोधामुळे होते आणि ती करंटच्या वर्गाने वाढते : लोड दुप्पट झाला की ही चौपट. कमी लोडवर ती जवळपास शून्य असते, पूर्ण लोडवर मात्र तीच सगळ्यांत मोठी होते.

आता ३००० वॅटचा लोड घ्या. पहिली तूट ५५, दुसरी ९०, तिसरी ६०-६५. मिळून २१० वॅट. तीन हजार मिळवायला बॅटरीतून ३२१० गेले, म्हणजे कार्यक्षमता ९३ टक्के. छापलेला आकडा हा असा मिळतो. १००० वॅटवर तो ९१-९२ असतो, तिथवर सगळं छान. पण लोड १०० वॅटवर आला की हेच यंत्र ६३ टक्क्यांवर उतरतं, आणि ५० वॅटवर पन्नासाच्याही खाली. त्यात बिघाड काहीच झालेला नसतो. पहिली तूट ५५ची ५५च राहिली आणि तिच्या शेजारचा लोड लहान झाला, एवढंच.

आपल्या शेतघरातला रात्रीचा सरासरी लोड दीड युनिट भागिले तेरा तास, म्हणजे ११५ वॅट. ५००० वॅटच्या यंत्रावर हा सव्वादोन-अडीच टक्के लोड झाला. सोलर इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात ‘युरोपियन एफिशियन्सी’ नावाचा आणखी एक आकडा कधीकधी दिलेला असतो. वेगवेगळ्या लोडवरच्या कार्यक्षमतांना वेगवेगळं वजन देऊन तो काढतात. त्यात निम्म्या लोडला ४८ टक्के वजन आहे आणि सर्वांत खालच्या पायरीला, म्हणजे ५ टक्के लोडला, फक्त ३ टक्के. मुळात तो आकडा छपरावरची वीज थेट ग्रिडमध्ये सोडणाऱ्या इन्व्हर्टरसाठी तयार झाला, आणि तिथे तो योग्यच आहे. ऊन नसलं की त्या इन्व्हर्टरला कामच नसतं. आपली रात्र मात्र त्या सर्वांत खालच्या पायरीच्याही खाली आहे. ज्या लोडवर यंत्र तेरा तास चालतं, त्या लोडचा आकडा कुठेच छापलेला नसतो.

म्हणून रात्रीचा हिशेब टक्क्यांत करायचाच नाही, तो तासांत करायचा. ५५ वॅट गुणिले तेरा तास म्हणजे ७१५ वॅट-अवर. त्यात दीड युनिटावरची तीन टक्के तूट, ४५-५० वॅट-अवर, मिळवा. झाले साडेसातशेच्या थोडे वर. पंखे ५४०, फ्रिज ५००, आणि इन्व्हर्टर नुसता चालू राहिला म्हणून ७१५. जुना साठचा बल्ब संध्याकाळपासून सकाळपर्यंत जळत ठेवला तर आपण घरात कुणाला तरी ओरडलो असतो. हा जवळपास तेवढाच बल्ब आहे, फक्त उजेड पडत नाही.

लोडच नसताना यंत्र इतकी वीज करतं तरी काय? स्वस्त, वजनाला हलक्या हायब्रिड मशीनमध्ये बॅटरीचे ५० व्होल्ट आधी चारशेच्या आसपास डीसी व्होल्टपर्यंत चढवले जातात, आणि मग दुसऱ्या टप्प्यात त्यातून २३० व्होल्टची एसी घडवली जाते. दोन्ही टप्प्यांत ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. प्रत्येक उघडझापीला त्यांच्या गेटवर थोडा चार्ज भरावा लागतो आणि सोडून द्यावा लागतो. पुढे एसीची लाट गुळगुळीत करणारा कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो; घरात एक दिवाही लागलेला नसला तरी त्याच्यातून करंट फिरत राहतो आणि वाटेतल्या रोधात उष्णता होते. ट्रान्सफॉर्मरचा गाभा क्षणाक्षणाला उलटसुलट चुंबकित होतो, त्यात वीज जाते. शिवाय प्रोसेसर, डिस्प्ले, ओढून धरलेले रिले, वाय-फायची कांडी, आणि कपाटात कोंबलेलं मशीन असेल तर सतत फिरणारा पंखा.

जड, लोखंडी ट्रान्सफॉर्मरचं जुन्या घडणीचं मशीन वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येतं. तिथे गाभा सेकंदाला ५० वेळा चुंबकित होतो आणि लोखंड जितकं मोठं, तितकी तूट मोठी. चांगल्या पत्र्याचा, नीट गुंडाळलेला टोरॉइड गाभा वापरलेली मशीन याच क्षमतेत २०-३५ वॅटवर भागवतात. हलक्या प्रतीचं लोखंड वापरलेली शंभरीही गाठतात. दोन्ही घडणींत सूत्र एकच : जास्त वॅट पेलायचे म्हणजे मोठा गाभा, समांतर जोडलेले जास्त ट्रान्झिस्टर, मोठा फिल्टर. हे सगळं लोड असो-नसो, जागं ठेवावं लागतं. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून ५ केव्हीएच्या जागी ८ केव्हीए घेणारा माणूस हा पुढेमागेचा खर्च रोज रात्री भरत असतो.

खरेदीपूर्वी माहितीपत्रकात ‘नो-लोड कन्झम्प्शन’ किंवा ‘सेल्फ कन्झम्प्शन’ ही ओळ शोधावी. ‘स्टँडबाय’ असं लिहून खाली १५ वॅटचा गोंडस आकडा असेल तर सावध व्हावं. तो बऱ्याचदा पॉवर-सेव्हिंग मोडचा असतो, आणि त्या मोडमध्ये प्लगला धड वीज नसते. त्याबद्दल पुढे.

विकत घेतलेल्या यंत्राची तूट मोजायला अवघड काही नाही, मात्र क्लँप मीटर डीसी मोजणारा हवा. वायरमनच्या खिशातला साधा क्लँप फक्त एसी मोजतो. बॅटरीच्या केबलवर लावला तर तो निर्विकारपणे शून्य दाखवतो. डीसीचा मीटर आधी शून्यावर आणायचा, मग बॅटरीच्या एकाच केबलला, शक्यतो पॉझिटिव्हला, अडकवायचा. ही मोजणी अंधार पडल्यावर करावी, म्हणजे पॅनलचा करंट मध्ये येत नाही. ज्या घरात आम्ही ती केली, तिथला संवाद असा झाला :

“काका, डीबीतले सगळे एमसीबी पाडा. फ्रिजचासुद्धा.”

“पाडले. पूर्ण अंधार झाला.”

“आता बघा. १.१ अँपिअर.”

“अहो, पण काहीच चालू नाही. आणि मशीनवर तर शून्य दिसतंय.”

बॅटरीचं व्होल्टेज तेव्हा ५२.६ होतं. १.१ गुणिले ५२.६, म्हणजे ५८ वॅट. क्लँप उलट्या दिशेने अडकवून पुन्हा बघितलं, उणे १.१ आलं. दोन्हीकडून सारखाच आकडा आला म्हणजे मीटरचा शून्य सरकलेला नाही. इतक्या छोट्या करंटला हे तपासणं गरजेचं असतं, कारण डीसी क्लँप अर्धा अँपिअर सहज इकडचा तिकडे करतो.

काकांची शंका रास्त होती. कित्येक मशीनच्या पडद्यावर बॅटरीचा करंट पूर्ण अँपिअरमध्येच दिसतो आणि लोडचा आकडा हा बाहेर जाणाऱ्या एसीचा असतो. स्वतःसाठी घेतलेली वीज त्यात धरलेलीच नसते. मोबाइल अ‍ॅपवरचा ‘आजचा वापर’ही बहुधा त्याच आकड्यावरून बनतो. म्हणजे यंत्र आपल्या खर्चाचा हिशेब मालकाला दाखवत नाही. ते लबाडीने असं करतं असं नाही, पण परिणाम तोच होतो.

बॅटरीतल्या बीएमएसचंही असंच. स्वस्त बीएमएसमधल्या करंट मोजणाऱ्या सर्किटला अगदी लहान करंट दिसत नाही. अर्धा-एक अँपिअरच्या खालचं ते शून्य धरतं. रात्री दोननंतर फ्रिज थांबलेला आहे, एकच पंखा चालू आहे, अशा वेळी बॅटरीतून एक-दीड अँपिअर जात असतो, त्यातला काही भाग मोजणीतून निसटतो. रोज थोडं थोडं निसटत गेलं, आणि पावसाळ्यात बॅटरी दिवसेंदिवस पूर्ण भरली नाही की चुकीची दुरुस्तीही होत नाही. मग पहाटे पडद्यावर ३० टक्के दिसत असताना घर अचानक काळोखात जातं. लोक बॅटरी खराब झाली म्हणून दुकानदाराकडे तक्रार करतात. बॅटरी पूर्ण भरून, एकदा मोजून रिकामी केली की ती ठणठणीत असल्याचं कळतं.

एका रात्रीचा पक्का हिशेब हवा असेल तर दोन मीटर लागतात. बॅटरीच्या निगेटिव्ह केबलमध्ये शंट बसवलेला बॅटरी मॉनिटर, आणि इन्व्हर्टरच्या आउटपुटवर, डीबीत मावणारा साधा एकफेज सब-मीटर. संध्याकाळी दोन्ही आकडे लिहायचे, सकाळी परत लिहायचे. बॅटरीतून किती गेलं आणि घराला किती मिळालं, यातली वजाबाकी म्हणजे वाया गेलेली वीज. त्यात केबलची आणि फ्यूजच्या जोडांची तूटही येते, पण ११५ वॅटच्या लोडवर ती नगण्य असते. नगण्य नसेल तर कुठला तरी लग सैल आहे आणि तो हाताला गरम लागेल.

साडेसातशे वॅट-अवरने असं काय बिघडतं, असं वाटेल. ५.१ युनिटच्या लिथियम बॅटरीतून रोज ९० टक्के वापरायचे ठरवले तर हाताशी ४.६ युनिट असतात. त्यातला सहावा हिस्सा इन्व्हर्टरच्या पोटात जातो. सकाळी तो परत भरायचा म्हणजे चार्जिंगमधली घट धरून ८०० वॅट-अवर लागतात. ५४० वॅटचं एक पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला दोन युनिटच्या थोडं वर देतं. म्हणजे सहा पॅनलपैकी एकाच्या जवळजवळ चाळीस टक्के उत्पन्नावर रात्रीच्या या तुटीचं नाव लिहिलेलं आहे. मार्चमध्ये हे जाणवतही नाही. दुपारी एकला बॅटरी भरते आणि पुढचं ऊन वायाच जातं.

झडीच्या दिवसांत गोष्ट बदलते. मुळशीच्या जुलैत ढग खाली उतरले की किलोवॅटमागे दिवसाला एक युनिटही कधी मुश्किलीने मिळतं. सव्वातीन किलोवॅटच्या पॅनलमधून समजा सव्वातीन युनिट आली. इन्व्हर्टर २४ तास ५५ वॅटने चालला की स्वतःच १.३ युनिट घेतो. घरासाठी उरतात दोनच्याही आत, आणि घराला रात्रीचं एकट्याचंच दीड लागतं. दिवसाचा फ्रिज आणि पंपाचं एखादं चक्कर धरलं की तूट रोजची. तीन-चार दिवसांत बॅटरी तळाला. अशा वेळी लोक पॅनल वाढवायला निघतात किंवा दुसरी बॅटरी विचारतात. त्याआधी बघायची जागा ही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. शहरातल्या घरी दाराआड १२ व्होल्टचा साधा इन्व्हर्टर आणि एक १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी असेल, तर हा लेख वाचून तिकडे धावायचं कारण नाही. लाइन असते तोवर त्याचा रिले घराला सरळ महावितरणची वीज देतो आणि बॅटरी फक्त भरून ठेवतो. वीज गेली की तो एसी बनवायला लागतो आणि तेव्हा स्वतःसाठी साधारण एक अँपिअर, म्हणजे १२ वॅटच्या आसपास घेतो. लाइन तीन तास गेली तर ३६ वॅट-अवर. १८०० वॅट-अवरच्या बॅटरीत त्याची फिकीर करू नये. प्रश्न येतो तो रोज रात्रभर, वर्षभर बॅटरीवर चालणाऱ्या घरांचा. लाइन असूनही हायब्रिड मशीनमध्ये ‘आधी सोलर, मग बॅटरी, शेवटी लाइन’ अशी सेटिंग ठेवणारेही त्यातच आले. बिल वाचवायला ही सेटिंग ठेवतात, आणि लहान लोड असेल तर रात्री वाचलेल्या प्रत्येक दोन युनिटांमागे एक युनिट यंत्राला देतात. त्यातलं बरंचसं दुपारी फुकट जाणारं ऊन असतं हे खरं, पण बॅटरीचं आयुष्य तेवढ्या चक्रांनी झिजतं ते फुकट नसतं.

उपाय म्हणून सगळे आधी इन्व्हर्टरच्या मेनूतल्या पॉवर-सेव्हिंग किंवा सर्च मोडकडे जातात. त्या मोडमध्ये यंत्र झोपतं आणि ठरावीक अंतराने क्षणभर व्होल्टेज सोडून बघतं, कुणी वीज मागतंय का. मागणी २५-५० वॅटच्या वर असली तर पूर्ण जागं होतं. रात्री काहीच चालू नसणाऱ्या गोदामात किंवा शाळेत हे उत्तम. घरात मात्र १० वॅटचा राउटर त्याला जागा करू शकत नाही, ९ वॅटचा दिवा लुकलुकत राहतो, आणि ज्या फ्रिजच्या थर्मोस्टॅटला स्वतः शुद्धीवर राहायला वीज लागते तो सुरूच होत नाही. दोन दिवस बघून लोक मोड बंद करतात, ते बरोबरच करतात.

खरा उपयोग होतो तो रात्रीसाठी दुसरा, लहान इन्व्हर्टर ठेवल्याने. त्याच बॅटरीवर चालणारा ४८ व्होल्टचा, दीड केव्हीएचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर, चांगल्या घडणीचा असेल तर रिकाम्या अवस्थेत १५ वॅटच्या आसपास घेतो. तेरा तासांचे १९५ वॅट-अवर. दीड युनिटावरची बदलाची तूट जरा जास्त, पाच टक्के धरली, तर ७५. एकूण २७०. आधी साडेसातशेच्या वर जात होते. रोज रात्री जवळपास अर्धा युनिट वाचला, म्हणजे फ्रिज रात्रभर फुकटात चालला. मोठं मशीन सकाळी मोटर लावायच्या वेळी चालू करायचं.

यात अडतं ते फ्रिजपाशी. साध्या कॉम्प्रेसरचा फ्रिज चालताना शंभर-दीडशे वॅट घेतो, पण सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या पाच-दहा पट करंट मागतो. दीड केव्हीएचं चांगलं मशीन हा झटका सोसतं. पैसे वाचवायला ५०० व्हीएचं घेतलं तर दर वेळी ओव्हरलोड दाखवून बंद पडतं, आणि हे बहुधा मध्यरात्री घडतं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज हळू उचल घेतो, त्याला लहान मशीन चालतं. घरातला फ्रिज जुना असेल आणि बदलायचा नसेल, तर लहान इन्व्हर्टर निवडताना त्याची सर्ज क्षमता विचारून घ्यायची, आणि शक्य असेल तर विकत घेण्याआधी त्याच फ्रिजवर लावून बघायचं.

एक धोका मात्र गंभीर आहे. दोन वेगळ्या इन्व्हर्टरची आउटपुट एकाच वायरिंगला एकदम जोडायची नाहीत. त्यांच्या एसीच्या लाटा एकमेकींशी जुळलेल्या नसतात. जोडताक्षणी एक मशीन तरी जळतं. मध्ये हाताने फिरवायचा चेंजओव्हर स्विच लागतो, ज्यात ‘मोठा – बंद – लहान’ अशा तीन जागा असतात आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतात. नुसता फेज तोडणारा स्विच बसवून न्यूट्रल सामाईक ठेवणारे वायरमन भेटतात. त्यांना तिथेच थांबवावं.

राउटर आणि एखाद-दुसरा दिवा यांना एसीची गरजच नसते. राउटर १२ व्होल्ट डीसीवर चालतो. त्याचा ॲडॅप्टर २३० व्होल्टची पुन्हा डीसी करतो. बॅटरीच्या ५१ व्होल्टमधून १२ व्होल्ट देणारा छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर स्वतःसाठी एखादाच वॅट घेतो. त्याला बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज हवा आणि स्विच डीसीसाठीच बनलेला हवा, कारण एसीचा स्विच डीसीची ठिणगी नीट विझवत नाही. हे करून ठेवलं की घरातली सगळी माणसं झोपल्यावर इन्व्हर्टर पूर्ण बंद करण्याची सोय होते. पंखा नको असलेल्या थंडीच्या रात्री फ्रिज सोडला तर दुसरं काही लागतही नाही.

शेवटी बंद घराबद्दल, कारण नुकसान तिथेच सगळ्यात मोठं होतं. शेतघराचे मालक पुण्याला गेले, फ्रिज रिकामा करून, सगळे एमसीबी पाडून. इन्व्हर्टर मात्र चालू राहिला. ५५ वॅटने तो दिवसाला १.३ युनिट घेत राहतो. मार्चमध्ये पॅनल ते भरून काढतात. पण पॅनलचा एमसीबीही पाडला असेल, किंवा झड लागली असेल, तर भरलेली लिथियम बॅटरी चार दिवसांत तळाला जाते. कमी व्होल्टेजला इन्व्हर्टर एसी देणं थांबवतो, तरी त्याचा कंट्रोल बोर्ड बॅटरीतून थोडं थोडं घेतच राहतो, आणि शेवटी बीएमएस बॅटरी तोडतं. पुढे लख्ख ऊन पडलं तरी कित्येक मशीन बॅटरीच्या व्होल्टेजशिवाय उठतच नाहीत. आणि मशीन उठल्याशिवाय बॅटरी भरत नाही. तेव्हा बाहेरून चार्जर आणून बॅटरी जागी करावी लागते. ट्युब्युलर बॅटरी असेल तर प्रकरण आणखी वाईट. ती रिकामी होऊन आठवडे पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि क्षमता कायमची जाते.

म्हणून घर आठवड्यापेक्षा जास्त बंद राहणार असेल तर आधी पॅनलचा डीसी स्विच, मग इन्व्हर्टरचं स्वतःचं बटण, आणि सगळ्यात शेवटी बॅटरीचा ब्रेकर, या क्रमाने बंद करायचं. लिथियम बॅटरी निम्मी भरलेली ठेवली तरी चालते. ट्युब्युलर पूर्ण भरून, पाणी तपासून मगच बंद करायची, आणि महिन्यापेक्षा जास्त तशी ठेवायची नाही. परत आल्यावर क्रम उलटा : आधी बॅटरी, मग इन्व्हर्टर, पडद्यावर बॅटरीचं व्होल्टेज स्थिर दिसलं की पॅनल. बॅटरीआधी पॅनल जोडलं तर काही मशीनचे चार्जर त्याच क्षणी बिघडतात, आणि वॉरंटीवाले ते मानायला तयार होत नाहीत.